यादी, फळा आणि पट्ट्या

2025 च्या जानेवारीत एका रात्री इशाच्या नमाजनंतर आमच्या मशिदीत जमातीची बैठक बसली. विषय होता वजूखान्याचा. जुना वजूखाना एका बाजूने खचला होता, पाणी तुंबत होतं आणि म्हाताऱ्या नमाजींचे पाय घसरत होते. रमजानच्या आधी तो पाडून नव्याने बांधायचा आणि टाकी ठेवण्यासाठी वर छोटा स्लॅब टाकायचा, एवढं ठरलं. मिस्त्रींनी बोटांवर दिवस मोजले आणि म्हणाले, "चोवीस दिवसांचं काम आहे. 3 फेब्रुवारीला हात लावला तर 26 तारखेला पाणी सुरू करून देतो."

त्या वर्षी 28 फेब्रुवारीच्या संध्याकाळी चाँद दिसण्याची शक्यता होती. म्हणजे दोन दिवस हाताशी राहत होते. सदरसाहेबांनी समाधानाने मान हलवली. दोन-तीन वर्षांपूर्वीचा मी असतो तर मीही हलवली असती, कामांची यादी केली असती आणि रोज एकेक टिक मारत बसलो असतो. पण तोवर यादीने मला एकदा चांगलाच दगा दिला होता. खरं तर दोष यादीचा नव्हता, माझा होता. मी तिला तिचं नसलेलं काम दिलं होतं.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवतो. नववी-दहावीच्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची जबाबदारी एका वर्षी माझ्याकडे आली. मुलं 47. मी नेहमीप्रमाणे रजिस्टर आखलं. डावीकडे मुलांची नावं, वर रकाने: फोटो, गुणपत्रक, उत्पन्नाचा दाखला, बँक खातं, आधार, ऑनलाइन अर्ज. काम झालं की हिरव्या पेनाने टिक. बीएडला आम्हाला नोंदी ठेवायला शिकवलं होतं आणि ते रजिस्टर खरोखर देखणं होतं. मुख्याध्यापकांनी ते इतर शिक्षकांना दाखवलं.

मुदतीला आठवडा उरला तेव्हा रजिस्टरमध्ये बहुतेक टिका पडलेल्या होत्या. पण पुरे झालेले अर्ज होते फक्त 20. उरलेल्या 27 पैकी 19 एकाच जागी अडकले होते: उत्पन्नाच्या दाखल्यापाशी. काही पालक सेतू केंद्रात अर्ज देऊन वाट पाहत होते, काही गेलेच नव्हते. रजिस्टरमध्ये दोघांचाही रकाना सारखाच कोरा दिसत होता. दोन मुलींच्या बाबतीत तर माझीच टिक खोटी निघाली. बँक खातं आहे म्हणून मी टिक केली होती, पण खातं आधारशी जोडलेलंच नव्हतं. शेवटच्या चार दिवसांत मी रात्री अकरापर्यंत बसलो. तरी त्या दोन मुलींचे अर्ज राहिलेच. एकीचे वडील हमाली करतात. ते शाळेत आले, काही बोलले नाहीत, फक्त "पुढच्या वर्षी बघा सर" म्हणून गेले. मुलगी दहावीत होती. त्या शिष्यवृत्तीसाठी तिला पुढचं वर्ष नव्हतंच.

नंतर मी ते रजिस्टर बराच वेळ पाहत बसलो. यादी एवढंच सांगते की काय झालं आणि काय राहिलं. एखादी गोष्ट कुठे अडली आहे, किती दिवसांपासून अडली आहे, आणि तिच्याबरोबर आणखी किती जण अडले आहेत, हे ती सांगत नाही. आणि माझ्या कामात भीती होती ती अडकण्याचीच. विसरण्याची नव्हती. सहा कागदांपैकी कोणताही मी विसरलो नव्हतो.

पुढच्या वर्षी सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारा माझा भाचा सुट्टीला आला होता. त्याने माझं गाऱ्हाणं ऐकलं आणि म्हणाला, "मामू, ये तो बोर्ड का काम है." त्याच्या ऑफिसात याला कानबान म्हणतात. कानबान म्हणजे जपानी भाषेत पाटी. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी ही पद्धत बसवली. सुटे भाग वापरले गेले की त्यांच्याबरोबरचं कार्ड मागच्या विभागाकडे परत जायचं आणि कार्ड आल्याशिवाय मागच्याने नवे भाग बनवायचे नाहीत. म्हणजे ते कार्ड एका बाजूने मागणी होतं आणि दुसऱ्या बाजूने लगाम. पुढे संगणकवाल्यांनी हा विचार उचलला आणि कार्डं भिंतीवर आली.

आम्ही स्टाफरूममधल्या कपाटाच्या मागच्या बाजूला पुठ्ठा लावला. त्यावर सहा उभे रकाने आखले: कागद गोळा करणे, सेतूकडे, बँक जोडणी, अर्ज भरणे, शाळेची पडताळणी, झाले. उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पुरवण्या कापून 47 कार्डं केली. प्रत्येकावर मुलाचं नाव आणि पालकांचा फोन. कार्ड ज्या दिवशी नव्या रकान्यात जाईल त्या दिवशीची तारीख त्यावर लिहायची. माझ्या रजिस्टरमध्ये नेमकी हीच तारीख नव्हती.

आठव्या दिवशी शाळेत येऊन पाहिलं तर "सेतूकडे" या रकान्यात 14 कार्डं एकावर एक आणि पुढचे रकाने जवळजवळ रिकामे. मोजायची गरजच पडली नाही, गर्दी डोळ्यांना दिसत होती. आदल्या वर्षी हीच गर्दी मला शेवटच्या आठवड्यात कळली होती. आम्ही त्या 14 पालकांना एका शनिवारी शाळेत बोलावलं, स्वयंघोषणापत्रं आणि शिधापत्रिकेच्या प्रती तिथेच पुऱ्या करून घेतल्या आणि एक शिक्षक सगळा गठ्ठा आणि पालकांना घेऊन सेतूवर गेले. ज्या कार्डावरची तारीख दहा दिवसांपेक्षा जुनी झाली त्यावर लाल ठिपका. ठिपक्याच्या कार्डाची चौकशी त्याच दिवशी.

फळ्याचा दुसरा नियम मला पचायला वेळ लागला. "अर्ज भरणे" या रकान्यात एका वेळी पाचच कार्डं. सहावं येऊ द्यायचं नाही, पाचांपैकी एक पुढे गेल्यावरच पुढचं घ्यायचं. मला वाटायचं, जितके जास्त अर्ज उघडून ठेवू तितकं काम लवकर होईल. हिशोब उलटा आहे. आमच्याकडे एकच संगणक, एका अर्जाला अर्धा-पाऊण तास, म्हणजे तासिका सांभाळून दिवसाला तीन अर्ज पुरे होत. अर्धवट उघडलेले अर्ज 30 असतील तर एकेक अर्ज सरासरी दहा दिवस लोंबकळत राहणार. 12 असतील तर चार दिवस. हातातलं काम भागिले रोज पुरं होणारं काम, इतका सोपा भागाकार. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये तो रीतसर सिद्ध केला. संगणकाचा वेग तोच, माणसं तीच, फक्त एका वेळी कमी उघडायचं. शिवाय दहा दिवस लोंबकळलेल्या अर्जात पासवर्ड हरवतो, ओटीपी ज्या मोबाइलवर यायचा तो वडिलांबरोबर परगावी जातो. या चुका अर्ज थांबल्यामुळे जन्मतात.

त्या वर्षी 47 च्या 47 अर्ज मुदतीच्या नऊ दिवस आधी गेले. प्रत्येक कार्डाच्या पाठीवर मात्र मी एक छोटी यादी ठेवली होती, चारच ओळींची. त्यातली दुसरी ओळ होती: "खातं आधारशी जोडल्याचं बँकेकडून स्वतः खात्री करून घेतलं." यादी कामाची होतीच, पण एका कार्डापुरती. 47 कार्डांची हालचाल दाखवणं तिच्या ताकदीबाहेरचं होतं.

आता परत वजूखान्याकडे. फळ्याने एवढं यश दिल्यावर मला बैठकीत प्रथम फळाच सुचला होता. घरी येऊन कागद घेऊन बसलो आणि लक्षात आलं की इथे तो चालणार नाही. शिष्यवृत्तीचे 47 अर्ज एकमेकांसाठी थांबत नव्हते. सलमाचा अर्ज अडला म्हणून इम्रानचा अडत नाही. वजूखान्यात मात्र सगळी कामं एकमेकांच्या हाताला बांधलेली. ड्रेनेजची नळी टाकल्याशिवाय खालचा कोबा नाही, स्लॅबचे टेकू काढल्याशिवाय आत काम नाही, नळ्या तपासल्याशिवाय टाईल्स नाहीत. आणि शेवटी अशी एक तारीख जी कोणासाठी पुढे सरकत नाही. असं असेल तर पट्ट्यांचा तक्ता, म्हणजे गँट चार्ट. हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याने तो 1910 च्या दशकात रुळवला. पोलंडच्या कारोल आदामिएत्स्की यांनी तसाच तक्ता 1896 मध्ये केला होता, पण नाव गँटचं लागलं.

मी शाळेतला आलेख कागद घेतला. वर आडव्या तारखा, एक चौकोन एक दिवस. डावीकडे एकाखाली एक कामं. तक्ता भरण्याआधी मिस्त्रींना चहाला बोलावलं आणि प्रत्येक कामाबद्दल दोनच प्रश्न विचारले: याच्या आधी काय पुरं व्हायला हवं? आणि हे झाल्यावर पुढच्याला हात लावण्याआधी किती थांबायचं?

दुसऱ्या प्रश्नाने चोवीस दिवसांचं पितळ उघडं पडलं. मिस्त्रींचा हिशोब खोटा नव्हता. ते मजुरीचे दिवस सांगत होते: पाडणं आणि राबिट उचलणं तीन, ड्रेनेज आणि कोबा तीन, सेंट्रिंग आणि सळया तीन, स्लॅब एक, टेकू काढणं एक, नळ्या दोन, गळती रोखणारा थर दोन, टाईल्स पाच, सांधे भरणं एक, नळ आणि टाकी दोन, सफाई एक. बेरीज 24. पण काँक्रीटला मजुरी कळत नाही. आपल्याकडच्या बांधकामाच्या मानकात, आयएस 456 मध्ये, साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर निदान सात दिवस आणि राखमिश्रित सिमेंटच्या काँक्रीटवर निदान दहा दिवस पाणी मारायला सांगितलं आहे. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस ठेवायचे, तेही साध्या सिमेंटला धरून. आमचा स्लॅब जेमतेम तीन मीटरचा, पण सिमेंट राखमिश्रित. म्हणून टेकूंनाही दहा दिवस धरले. त्या दहा दिवसांत मजूर कोणी नाही, पैसे कोणाला नाहीत, म्हणून ते कोणाच्या बोटांवर येत नाहीत. तक्त्यावर मात्र ती दहा चौकोनांची पट्टी आली, सगळ्यांत लांब.

मग गळतीरोधक थर सुकायला दोन दिवस, त्यावर एक दिवस पाणी साठवून पाहणं, टाईल्सचे सांधे पक्के व्हायला एक दिवस, आणि मधला एक रविवार. थांबण्याचे एकूण 15 दिवस. 24 आणि 15 मिळून 39.

3 फेब्रुवारीपासून 39 दिवस मोजले तर काम संपत होतं 13 मार्चला. म्हणजे बाराव्या रोजाला. तोवर रमजानभर, तरावीहच्या गर्दीत, माणसं कुठे वजू करणार होती? मी तक्ता मशिदीच्या भिंतीला टाचला आणि 28 फेब्रुवारीच्या चौकोनावर लाल रेघ ओढली. त्या संध्याकाळी चाँद दिसला तर त्याच रात्री तरावीह. दिसलाच नाही तर एक दिवस मिळेल, पण चाँदच्या भरवशावर सिमेंट कालवायचं नाही, असं सदरसाहेब म्हणाले. मागे मोजत गेलो तर सुरुवात 20 जानेवारीला यायला हवी होती, आणि तरी हाती उरत होता एकच दिवस. बैठकीला चार दिवसही झाले नव्हते. मिस्त्रींनी दुसऱ्या एका घराचं काम पुढे ढकललं आणि 20 तारखेला, सोमवारी, पहिली कुदळ पडली.

काम चालू असताना त्या तक्त्याने जे शिकवलं ते मी पुस्तकात वाचलं असतं तर समजलं नसतं. टाईल्सची ऑर्डर आम्ही 25 जानेवारीला दिली. त्या 5 फेब्रुवारीला येणार होत्या, आल्याच नाहीत. सदरसाहेब रोज दुकानदाराला फोन करत. जुमाच्या नमाजनंतर लोक एकच विचारत: टाईल्स आल्या का? त्या आल्या 9 तारखेला, चार दिवस उशिरा. पण तक्त्यावर टाईल्स बसवायच्या होत्या 18 तारखेला. म्हणजे उशीर होऊनही नऊ दिवस शिल्लक. ती पट्टी सैल होती. तिच्या मागेपुढे होण्याने शेवटची तारीख हलत नव्हती.

आणि जी पट्टी आवळलेली होती तिच्याबद्दल कोणी विचारतही नव्हतं. 12 फेब्रुवारीच्या संध्याकाळी प्लंबरने नळ्यांत पाणी भरलं, हातपंपाने दाब पाच किलोवर नेला आणि रात्रभर तसाच ठेवला. 13 तारखेच्या सकाळी काटा तीनवर. कुठेतरी गळत होतं. कोपऱ्यातला एक सांधा नीट चिकटला नव्हता. तो कापून नवा बसवायला आणि पुन्हा रात्रभर दाब ठेवून पाहायला एक दिवस गेला. त्याच रात्री शब-ए-बारात होती. लोक इबादतीत आणि आम्ही तिघे अधूनमधून काट्याकडे बघत. 14 ला सकाळी काटा पाचवरच होता. पण या एका दिवसाने पुढचं सगळं एकेक दिवस सरकलं, कारण पुढचं प्रत्येक काम याच कामासाठी थांबलेलं होतं. आमचा राखून ठेवलेला एकुलता दिवस तिथेच खर्च झाला.

"सर, टाईल्स लावून घेऊ, गळती दिसली तर बघू," असं 13 तारखेला एक जण म्हणाले होते. हा मोह तक्त्यामुळेच होतो, हेही कबूल केलं पाहिजे. पट्ट्या दिसल्या की एखादी पट्टी आखूड करावीशी वाटते. स्लॅबच्या वेळीही कोणीतरी टेकू पाचव्या दिवशी काढायला सांगितलं होतं. तक्त्यावर घाई दाखवता येते, काँक्रीटला घाई करता येत नाही. म्हणून थांबण्याच्या पट्ट्या मी वेगळ्या, निळ्या पेन्सिलीने रंगवल्या आणि खाली लिहिलं: निळ्याला हात लावायचा नाही. बाकीच्या पट्ट्या साध्या पेन्सिलीने, कारण त्या रोज संध्याकाळी खोडून पुन्हा आखाव्या लागतात. पहिल्या दिवशी शाईने काढलेला आणि नंतर न बदललेला तक्ता भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरइतकाच उपयोगी.

28 फेब्रुवारीला, शुक्रवारी, जुमाच्या आधी नळ सुरू झाले. संध्याकाळी चाँद दिसला नाही. पहिला रोजा 2 मार्चला पडला आणि आम्हाला एक दिवस फुकट मिळाला. मिस्त्री तक्ता घडी करून घेऊन गेले. आता ते गिऱ्हाईकाला दोन आकडे सांगतात, एक मजुरीचा आणि एक कॅलेंडरचा.

हा तक्ता मी शिष्यवृत्तीला लावला असता तर? 47 मुलं, प्रत्येकी पाच टप्पे, म्हणजे 235 पट्ट्या. आणि दाखला कधी मिळेल हे माझ्या हातात नाही, तेव्हा प्रत्येक पट्टीची लांबी मनाने धरलेली. एक दाखला लांबला की कागद चुकीचा. कामाला किती दिवस लागतील हे बऱ्यापैकी माहीत असेल तरच पट्ट्या आखण्यात अर्थ आहे.

मग साधी यादी कुठे? तिचं खरं घर मला एका मौतीने दाखवलं. माझे मामू घरीच वारले. फज्रनंतर गेले, जुहरनंतर दफन ठरलं. घरात तीस माणसं, सगळे अनुभवी, प्रत्येकाने आयुष्यात दहा-वीस जनाजे पाहिलेले. तरी डॉक्टर येऊन तपासून गेले आणि मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र त्यांच्याकडून घ्यायचं कोणालाच सुचलं नाही. काही दिवसांनी कोणाला आठवलं तोवर डॉक्टर परगावी गेले होते. 21 दिवसांच्या आत मृत्यूची साधी, विनाशुल्क नोंद होते. ती मुदत गेली आणि मामींना निवृत्तिवेतनासाठी कित्येक महिने खेटे घालावे लागले.

इथे अडकणं नव्हतं, कामांची गुंतागुंतही नव्हती. प्रत्येक काम प्रत्येकाला येत होतं. फक्त त्या दिवशी कोणाचं डोकं ठिकाणावर नव्हतं. नेहमी तेच आणि तसंच करायचं काम, करणारे जाणकार, आणि भीती फक्त विसरण्याची, असं असेल तर यादीच हवी. 30 ऑक्टोबर 1935 रोजी अमेरिकेत बोइंगचं एक नवं मोठं विमान चाचणीच्या वेळी उडताच कोसळलं. वैमानिक अनुभवी होते. जमिनीवर उभ्या विमानाची शेपटाकडची पृष्ठं वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेलं कुलूप काढायचं राहून गेलं होतं. त्यानंतर वैमानिकांनी उड्डाणाआधी वाचायची छोटी यादी केली. यवतमाळ जिल्ह्याशी ज्यांच्या घराण्याचं नातं आहे ते शल्यविशारद अतुल गवांदे यांनी "द चेकलिस्ट मॅनिफेस्टो" या पुस्तकात ही हकीगत सांगितली आहे. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची यादी, 2008 ची, त्यांच्या पुढाकाराने झाली. तिच्यात 19 मुद्दे आहेत, पण ते सलग नाहीत. तीन थांबे आहेत: भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि रुग्ण बाहेर नेण्याआधी.

हे थांबे मला फार मोलाचे वाटले. मशिदीच्या कपाटाच्या दाराला आतून आम्ही जी यादी चिकटवली तिलाही दोन थांबे आहेत. गुस्लच्या आधी पाच ओळी: डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेतलं का, गुस्ल देणाऱ्यांना निरोप गेला का, कफनाची कापडं पुरी आहेत का (पुरुषासाठी तीन, स्त्रीसाठी पाच), कोमट पाणी आणि बोरीची पानं, कापूर आणि इत्र. जनाजा उचलण्याआधी चार ओळी: कबर तयार असल्याचा फोन आला का, नमाजची वेळ सगळीकडे कळवली का, यायचे होते ते जवळचे नातलग पोचले का, आणि मय्यतीवर कोणाचं कर्ज असल्यास वारस ते जाहीर करणार आहेत का. लोक आपापल्या सवयीने सगळं करतात. थांब्यापाशी घरचा नसलेला एक माणूस मोठ्याने वाचतो आणि बाकीचे "हो" म्हणतात. अर्ध्या मिनिटाचं काम. एकदा कोणी तरी ही यादी वाढवून 26 ओळींची केली होती. दोन मौती झाल्या आणि ती कोणी वाचलीच नाही, म्हणून पुन्हा नऊवर आणली. ज्या गोष्टी कोणी कधी विसरत नाही त्या लिहायच्या नाहीत.

आता नवं काम अंगावर आलं की ते मोठं की छोटं हे मी पाहत नाही. वजूखान्यात सगळी मिळून अकरा कामं होती आणि त्याला तक्ता लागला. मौतीच्या यादीत नऊ ओळी आहेत आणि तिला यादीच पुरते. मी विचारतो, हे काम बिघडलं तर कशाने बिघडेल? विसरल्याने बिघडणार असेल तर यादी. बऱ्याच सारख्या गोष्टी एकाच दारात तुंबल्याने बिघडणार असेल तर फळा. एकासाठी दुसरं थांबल्याने आणि ठरलेली तारीख निघून गेल्याने बिघडणार असेल तर पट्ट्या.

सध्या शाळेच्या वार्षिक अंकाचं काम चालू आहे. मुलांचे 30 लेख आहेत, अर्धे उर्दू, अर्धे मराठी. ते लिहून येणं, तपासणं, टंकलेखन, दुरुस्ती, हे सगळं फळ्यावर चालतं. एका सहशिक्षिकेने विचारलं, मग यात तक्ता नकोच ना? लेखांना नको. पण सगळे लेख झाल्यावर मांडणी, मुखपृष्ठ, मग छपाई, मग बांधणी, आणि संमेलनाची ठरलेली तारीख. म्हणून फळ्याच्या शेवटच्या रकान्यापासून मी चार पट्ट्या काढल्या आहेत. आणि छापखान्यात पान पाठवण्याआधी वाचायची यादी पाच ओळींची. तिची पहिली ओळ अशी: उर्दूची पानं उजवीकडून सुरू होतात, हे छापखान्याला सांगितलं का? मागच्या अंकात ते राहिलं होतं.